कपाट कापायला घेण्याआधी ग्राहकाकडून नेमकं काय पक्कं करून घ्यायचं?

प्रश्न: आमचा लहान कारखाना आहे, मापाप्रमाणे भिंतीत बसणारी कपाटं बनवतो. ड्रॉइंगवर ग्राहकाची सही घेतो, तरी कपाट बसवल्यावर "मी असं सांगितलंच नव्हतं" हे ऐकावं लागतं. कटिंग सुरू करण्याआधी काय आणि कसं पक्कं करून घ्यावं?

उत्तर:

तुमच्या ड्रॉइंगवर कारखान्याला लागणारी मापं असतात. ग्राहकाला ती वाचता येत नाहीत आणि तसं कबूल करायला संकोच वाटतो, म्हणून तो सही करून मोकळा होतो. भिंतीला लागून पट्टी आली आहे, वरच्या शटरची रेघ खालच्या शटरशी जुळत नाही, ठरवलेला बॉक्स खणात जात नाही, हे त्याला कपाट उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळतं. त्या वेळी तो खोटं बोलत नसतो. त्याने खरंच या गोष्टीला होकार दिलेला नसतो. म्हणून ड्रॉइंगसोबत दुसरा एक कागद करा. ड्रॉइंगवरच्या आकड्यांमुळे डोळ्यांना काय दिसणार आणि वापरताना हाताला काय जाणवणार, ते त्यावर साध्या भाषेत लिहा आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला वेगळा होकार मागा.

दोन भिंतींमध्ये बसणारं, सहा शटरचं आणि वर लॉफ्ट असलेलं एक कपाट धरून चालू. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत.

सुरुवात जागेच्या मापाने होते आणि अर्धे वाद तिथेच पेरले जातात. रुंदी तीन उंचींवर घ्या: जमिनीलगत, मध्ये आणि छताजवळ. जमिनीलगत २४१२, मध्ये २४०५ आणि वर २३९८ आली असं धरा. भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकल्या आहेत, हे ओळंबा न लावताही कळलं. कपाट सर्वांत लहान मापात, म्हणजे २३९८ मध्ये बसलं पाहिजे आणि भिंतीकडून घासून बसवायला दोन्ही बाजूंना जागाही हवी. तीन सारखे भाग प्रत्येकी ७८६ चे केले तर कपाट २३५८ होतं. वरच्या बाजूला एकूण ४० उरतात, म्हणजे दोन्हीकडे वीस-वीस. खाली ५४ उरतात, म्हणजे सत्तावीस-सत्तावीस. ही फट भरायला जी फिलर पट्टी लागते ती वर २० आणि खाली २७ रुंद असणार, म्हणजे खाली येताना रुंद होत जाणार.

सुताराला यात काहीच नवीन नाही. ग्राहकाच्या डोक्यात मात्र "भिंतीपासून भिंतीपर्यंत" याचा अर्थ शटरच थेट भिंतीला भिडणार असा असतो. म्हणून कागदावर असं लिहायचं: "डाव्या-उजव्या भिंतीलगत शटरच्याच रंगाची उभी पट्टी दिसेल. ती वर साधारण २० आणि खाली साधारण २७ मिमी रुंद असेल, कारण भिंत ओळंब्यात नाही." सोबत तीन उंचींवरच्या रुंदीचे आकडे द्या. भिंत वाकडी आहे हे ग्राहकाने आधी पाहिलं की पट्टीचा दोष तुमच्याकडे येत नाही. पट्टी नकोच म्हणाला तर भिंतीवर प्लास्टरचा हात मारून ती सरळ करून घ्यावी लागेल, ते काम कोणाचं आणि कधी व्हायचं, हा प्रश्न लगेच समोर येतो. तो कटिंगच्या आधी आलेलाच बरा.

माप घेताना जागा कोणत्या अवस्थेत होती तेही लिहा. फरशी बसली होती का, फॉल्स सीलिंग झालं होतं का, प्लास्टरवर पुट्टी यायची होती का, भिंतीला स्कर्टिंग होतं का. कोऱ्या जमिनीवरून घेतलेली उंची फरशी आणि तिच्याखालचा मसाला पडल्यावर चांगलीच कमी होते, मग लॉफ्ट छताला अडतो आणि "माप तर तुम्हीच घेतलं होतं" हे उत्तर तयार असतं. जागा तयार नसेल तर माप तात्पुरतं आहे असं कागदावर ठळक लिहा, त्यावरून किंमत आणि अंदाज द्या, पण कटिंगचं माप फरशी आणि सीलिंग झाल्यावर पुन्हा जाऊन घ्या. ही दुसरी फेरी टाळून वाचणारा अर्धा दिवस पुढे महागात पडतो. कपाटाच्या मागे जाणारा स्विचबोर्ड, सॉकेट किंवा पाइपही याच फेरीत मापून कागदावर आणा. मागच्या फळीला कुठे खाच पडणार हे ग्राहकालाही आधी कळलेलं चांगलं.

आता उंची. तयार फरशीपासून छतापर्यंत २७१२, २७०८ आणि २७०५ अशी तीन ठिकाणची मापं आली. खाली ८० चा पाया, त्यावर २१०० चं मुख्य कपाट, त्यावर ५०० चा लॉफ्ट, एकूण २६८० झाले. छताशी पंचवीस ते बत्तीसची आडवी पट्टी येणार. इथे ग्राहकाचा नेहमीचा आग्रह असतो: "मध्ये सांधा नको, खालपासून वरपर्यंत एकच कपाट हवं." नुसतं "ते जमत नाही" म्हटलंत तर त्याला ती पळवाट वाटते. गणित दाखवा. आडवं आणलेलं कपाट खोलीत उभं करताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. २६८० उंच आणि ५७८ खोल पेटीचा कर्ण जवळपास २७४२ भरतो आणि छत आहे २७०५ वर. पेटी उभीच राहणार नाही. पायासकट २१८० ची पेटी असेल तर कर्ण २२५५ च्या आसपास येतो आणि ती आरामात उभी राहते. सांधा का आणि कुठे येणार, हे कर्णाच्या एका रेघेवर ग्राहकाला पटतं. त्याच वेळी लिफ्ट, जिना आणि दरवाजाही मापून टाका. २१०० ची पेटी जिन्याच्या वळणावर अडली तर ती जागेवर उघडून पुन्हा जोडावी लागते आणि ती मजुरी कोणाची यावरून हमखास वाद होतो.

सर्वांत जास्त घोळ घालणारा शब्द म्हणजे "खोली". ग्राहक म्हणतो दोन फूट खोल, तुम्ही लिहिता ६००. पहिली गोष्ट, दोन फूट म्हणजे ६१० आणि सात फूट म्हणजे २१३४. बोलताना फूट-इंच चालतील, पण कागदावर एकच एकक ठेवा आणि ग्राहक फुटात बोलला असेल तर त्याचं मिमीतलं माप त्याच्यासमोर लिहून त्याला दाखवा. दुसरी गोष्ट, ६०० बाहेरून की आतून? बाहेरून धरलं तर लॅमिनेटसकट शटर २० जाडीचं, शटर आणि पेटीमधली फट २, म्हणून पेटी ५७८ उरली. मागची फळी ८ ची, म्हणजे आत ५७० मिळाले. हँगरवर कोट अडकवायला हे पुरतं. पण हाच ग्राहक मधेच "त्यापेक्षा सरकती शटरं करा" म्हणाला तर दोन सरकत्या शटरांच्या ट्रॅकला ऐंशी ते शंभर मिमी जातात आणि बाहेरून ६०० ठेवलं तर आत पाचशेच्या घरात उरतात. हँगर शटरला घासायला लागतो. म्हणून कागदावर खोलीची तीन मापं द्या: भिंतीपासून शटरच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत, हँडलसकट, आणि आतली मोकळी. जाण्यायेण्याची वाट अरुंद असेल तर हँडलचे तीसेक मिमीसुद्धा महत्त्वाचे ठरतात.

खणांचंही तसंच आहे, फक्त तिथली घट ग्राहकाला अजिबात दिसत नाही. भागाची बाहेरची रुंदी ७८६. दोन्ही बाजूंच्या अठराच्या फळ्या वजा केल्या की आत ७५० राहतात. खण शटरच्या आत असेल तर उघडलेलं शटर आणि बिजागरी त्याच्या वाटेत येतात, म्हणून दोन्हीकडे पंचवीस-पंचवीसची पॅकिंग पट्टी द्यावी लागते. उरले ७००. टेलिस्कोपिक चॅनल एका बाजूला १२.७ घेतो, दोन्हीकडचे मिळून साधारण २५ ते २६. खणाची पेटी बाहेरून ६७४ झाली. तिच्या बाजू बाराच्या धरल्या तर आतली रुंदी ६५० राहते. म्हणजे "७८६ चा खण" वापरायला ६५० चा मिळतो, शंभरावर मिमी वाटेत गेले. त्यात ६६० चा बॉक्स ठेवायचा असेल तर तो जाणार नाही आणि हे ग्राहकाला तोंडी कधीच उमगत नाही. प्रत्येक खणासमोर आतली रुंदी, खोली आणि उंची लिहा, आणि एक प्रश्न विचारा: "यात नेमकं काय ठेवणार आहात? त्या वस्तूचं माप द्या." या एका प्रश्नाने खणांबद्दलच्या बहुतेक तक्रारी आधीच बाहेर येतात.

आता डिझाइनच्या रेघांकडे. लाकडी रेघांचं लॅमिनेट किंवा प्रीलॅम बोर्ड असेल तर सर्वांत जास्त वेळ इथे घालवा, कारण बसवल्यावर ग्राहकाची नजर पहिल्यांदा इथेच जाते. बोर्डाची नेहमीची शीट २४४० × १२२० ची असते. एका भागात दोन शटरं. मध्ये ३ ची फट आणि दोन्ही कडांना दीड-दीड सोडलं तर प्रत्येक शटर ३९० रुंद येतं. एका शीटच्या रुंदीत अशी तीनच शटरं निघतात: तीन मिळून ११७० आणि करवतीची जाडी. म्हणजे सहा शटरांना दोन शीट लागणार, आणि पहिल्या तीन शटरांवर रेघा सलग दिसल्या तरी तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये चित्र तुटणार. ते टाळायचं तर दोन्ही शीट सारख्याच छपाईच्या असाव्या लागतात आणि तरीही जुळणी योगायोगावर राहते.

वर-खालचं गणित आणखी कडक आहे. खालचं शटर २०९७, लॉफ्टचं ४९७, दोन्ही मिळून २५९४. शीट २४४० ची. दोन्ही शटरं एकाच उभ्या पट्टीतून निघूच शकत नाहीत, म्हणून खालच्या शटरवरची रेघ लॉफ्टच्या शटरवर पुढे जाणार नाही. ग्राहकाने मात्र कॅटलॉगमध्ये छतापर्यंत धावणाऱ्या रेघांचा फोटो पाहिलेला असतो. त्याच्यापुढे मार्ग ठेवा. रेघ तुटलेली चालत असेल तर तसं लिहून होकार द्यावा. सलग हवी असेल तर खालची आणि वरची पेटी मिळून साधारण २४०० मध्ये बसवावी लागेल आणि छताखाली सव्वादोनशेच्या आसपास साधी पट्टी किंवा मोकळी जागा राहील. तिसरा मार्ग म्हणजे वेगळं लॅमिनेट चिकटवण्याचा. काही डिझाइनं ३०५० लांबीच्या शीटमध्येही मिळतात, मग शटरचे बोर्ड वेगळे असले तरी लॅमिनेट एकाच उभ्या पट्टीतून कापून सलग लावता येतं. हे डिझाइन त्या लांबीत मिळतं का, हे आधी पुरवठादाराला विचारून घ्या आणि मगच ग्राहकाला सांगा. कपाटाचं समोरून एक साधं चित्र काढून त्यावर रेघांची दिशा बाणाने दाखवा आणि जिथे रेघ तुटणार तिथे लाल खूण करा. त्या चित्राशेजारी सही घ्या. हे एक चित्र उरलेल्या सगळ्या ड्रॉइंगपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

रंगाची खात्री फोनवरच्या फोटोवर कधीच घेऊ नका. प्रत्येक स्क्रीन वेगळा रंग दाखवते. हाताएवढा तरी खरा तुकडा घ्या. कॅटलॉगमधल्या बोटभर तुकड्यावर रेघांचं डिझाइन कळतच नाही. तो ग्राहकाच्या खोलीत उभा धरून दिवसा आणि दिवे लावून दोन्ही वेळी पाहायला सांगा, कारण खिडकीच्या उजेडात राखाडी वाटणारा रंग पिवळ्या दिव्याखाली तपकिरीकडे झुकू शकतो. पसंत पडलेल्या तुकड्याचे दोन भाग करा. दोन्हीच्या मागे कोड, फिनिश, तारीख आणि दोघांच्या सह्या टाका. एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. ऑर्डरची सगळी शीट एकदम आणि एकाच बॅचची मागवा. कोड तोच असला तरी दोन बॅचच्या रंगात फरक निघतो, आणि नंतर एखादं शटर बदलावं लागलं तर ते थोडं वेगळं दिसू शकेल, हे वाक्यही होकाराच्या कागदावर असू द्या. आतल्या बाजूचा रंग आणि एज बँडचा रंगही याच वेळी ठरवा. "आतून पांढरं" म्हणजे शटरची आतली बाजूही पांढरी का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

हँडल आणि दिशा यांचे घोळ छोटे वाटतात, पण पडलेलं भोक बुजवता येत नाही. "१६० चं हँडल" म्हणजे दोन भोकांमधलं अंतर १६० की हँडलची लांबी? बाजारात हँडलं बहुतेक भोकांच्या अंतरावरून ओळखली जातात: ९६, १२८, १६०, १९२ वगैरे. ग्राहक मात्र पट्टी लावून पूर्ण लांबी मोजतो. हँडल, कुलूप किंवा दिवे ग्राहक स्वतः आणणार असेल तर वस्तू प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय भोक पाडायचं नाही आणि ती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हेही कागदावर हवं, नाहीतर तुमचा माल अडकून राहतो आणि उशीर तुमच्या नावावर लागतो. डावं-उजवं नेहमी कपाटासमोर उभं राहून पाहिल्याप्रमाणे धरायचं, आणि तसं ड्रॉइंगवर छापूनच ठेवा. प्रत्येक शटरवर बिजागरीची बाजू आणि हँडलची जागा चित्रात दाखवा. शब्दांत लिहिलेलं "उजवीकडून उघडणारं" दोघं दोन प्रकारे वाचतात.

शक्य असेल तिथे जागेवर जाऊन मास्किंग टेपने कपाट खऱ्या मापात भिंतीवर आणि जमिनीवर आखून दाखवा. याला तासभर लागतो. कपडे अडकवायची दांडी जिथे येणार तिथे आडवी टेप लावा आणि घरात जो सर्वांत बुटका आहे त्याला हात पोहोचतो का पाहायला सांगा. जमिनीवर ६०० ची रेघ मारा, पुढे खण उघडल्यावर कुठवर येतो तेही आखा. समजा पलंग कपाटापासून ७०० वर आहे आणि खण ५०० बाहेर येतो. मध्ये उरलेल्या २०० मध्ये माणूस उभा राहून खणात हात घालू शकत नाही. ३९० च्या शटरला अडचण नाही, खणाला आहे. टेपवर उभं राहिल्यावर ग्राहक स्वतःच म्हणतो की खण दुसऱ्या भागात हलवा. तोच बदल कपाट बसल्यावर सुचला असता तर तुमची चूक ठरला असता.

हे सगळं झालं की शेवटचा होकार घ्यायचा. "ड्रॉइंग पाठवलंय, ओके का?" असं विचारलं तर "ओके" किंवा अंगठ्याचं चित्र येतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण त्याने काय वाचलं हे तुम्हाला माहीत नाही. संदेश असा असावा की उत्तर देताना त्याला मुद्दा वाचावाच लागेल. उदाहरणार्थ:

"कपाट ड्रॉइंग क्र. ४७, आवृत्ती ३, पाने १ ते ४. कृपया प्रत्येक मुद्द्यापुढे 'मान्य' किंवा 'बदल' लिहा.
१. भिंतीलगत दोन्ही बाजूंना पट्टी दिसेल (वर २०, खाली २७).
२. जमिनीपासून २१८० वर आडवा सांधा दिसेल.
३. लॉफ्टच्या शटरवरच्या रेघा खालच्या शटरशी जुळणार नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या शटरमध्येही चित्र तुटेल.
४. खणाची आतली रुंदी ६५०. तुम्ही सांगितलेला बॉक्स ६२० चा आहे.
५. शटरांमधली फट ३, एखाद्या मिमीचा फरक चालेल.
६. यात समाविष्ट नाही: आतले दिवे, कुलपं, आरसा, भिंतीची दुरुस्ती, स्कर्टिंग काढणं.
आवृत्ती १ आणि २ रद्द. हे उत्तर आल्यावर शीट मागवू."

मुद्दे दहाच्या आत ठेवा. तीसेक मुद्द्यांची यादी पाठवलीत तर तो सगळ्यांपुढे न वाचता "मान्य" लिहील आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला येऊन पोहोचाल. कपाट पाहून त्याला ज्याचं आश्चर्य वाटू शकेल तेवढंच इथे घ्या, बाकी तपशील ड्रॉइंगवर आहेच. पाचवा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो, पण काय दोष मानायचा हे आधी ठरलं नसेल तर नंतर अर्ध्या मिमीच्या फटीवर बिल अडतं. सहावा तर कधीच वगळू नका. जे लिहिलेलं नाही ते सगळं किमतीत धरलेलं आहे असंच ग्राहक समजतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. "दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर मान्य समजू" हे वाक्य मात्र टाळा. गप्प बसणं म्हणजे होकार, असं म्हणणारा कागद वादाच्या वेळी तुमचीच बाजू लंगडी करतो. उत्तर आलं नाही तर काम थांबतं आणि तारीख पुढे जाते, इतकं लिहिणं पुरे.

होकार कोणाचा चालेल हेही पहिल्याच भेटीत विचारा. घरात दोघं निर्णय घेणारे असतील, किंवा मध्ये आर्किटेक्ट असेल, तर एकाने मान्य केलेलं दुसरा मोडतो. एक नाव आणि एक नंबर ठरवा, बाकीच्यांचे निरोप त्या व्यक्तीकडून लेखी आले तरच धरा. फोनवर काही ठरलं तर फोन ठेवल्याबरोबर दोन ओळी लिहून पाठवा: "आत्ता बोलल्याप्रमाणे मधल्या भागातली तिसरी फळी काढून दांडी देत आहोत. बरोबर?" बोलणं आणि लिहिणं यांच्यात दिवस गेला की दोघांच्या आठवणी वेगळ्या व्हायला लागतात.

बदल येणारच, म्हणून ते कोणत्या टप्प्यापर्यंत काय किमतीला पडतात ते आधीच सांगून ठेवा. शीट मागवण्याआधीचा बदल म्हणजे फक्त ड्रॉइंगचा वेळ. शीट आल्यावर रंग बदलायचा असेल तर आलेला माल परत जाईल की नाही हे पुरवठादाराच्या हातात असतं. कटिंग झाल्यावर आतल्या फळीची उंची अजून बदलता येते, पण रुंदी, खोली आणि शटरचं माप बदललं तर तुकडे फुकट जातात. एज बँड आणि भोकं झाल्यावर जवळजवळ काहीच बदलता येत नाही. प्रत्येक बदलाला नंबर द्या आणि कागदावर चार गोष्टी लिहा: आधी काय होतं, आता काय, किंमत किती वाढली किंवा घटली, तारीख किती दिवसांनी पुढे गेली. बदल फुकट करून देणार असाल तरी कागद करा आणि रकमेच्या जागी शून्य लिहा. फुकट केलेले तोंडी बदलच नंतर "मी हे मागितलंच नव्हतं" म्हणून परत येतात.

शेवटची फट कारखान्याच्या आत असते, ग्राहकाचा तिच्याशी संबंध नसतो. आवृत्ती ३ वर होकार आला, पण करवतीजवळ भिंतीला आवृत्ती २ ची प्रिंट चिकटवलेली असते आणि कापणारा तीच बघून कापतो. नवी आवृत्ती निघाली की जुनी प्रिंट हाताने काढून आणायची, तिच्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहायचं आणि फाइलमध्ये ठेवायची. फाडू नका. काय आणि केव्हा बदललं हे दाखवायला ती लागते. कटिंग लिस्टच्या डोक्यावर ड्रॉइंगचा नंबर आणि आवृत्ती असली पाहिजे, आणि ग्राहकाच्या होकारातली आवृत्ती व कटिंग लिस्टवरची आवृत्ती एकच आहे हे एका माणसाने पाहून सही केल्याशिवाय पहिली शीट टेबलावर चढवायची नाही. पहिल्या भागाच्या दोन बाजू कापल्या की थांबून त्या ड्रॉइंगशी ताडून पाहा. या टप्प्यावर चूक सापडली तर एक शीट जाते, सहाही शटरं कापून झाल्यावर सापडली तर सगळा बॅच पुन्हा मागवावा लागतो आणि नव्या बॅचचा रंग सही केलेल्या तुकड्याशी जुळेलच असं नाही.